'टेस्टिअर' की 'मोअर टेस्टी'?

मराठीत 'पेक्षा' आणि 'सर्वांत' लावलं की झालं. विशेषण तसंच राहतं. म्हणून तुळशीबागेत परप्रांतीय गिऱ्हाईक आलं की आपण 'मोअर चीप' म्हणतो. बरोबर आहे 'चीपर'.

गोंधळ होतो तो टेस्-टी, केअर-फुल अशा दोन तुकड्यांच्या शब्दांत. तिथे शेवट ऐका. 'ई' आला तर टेस्टिअर, टेस्टिएस्ट. 'फुल' आला तर मोअर केअरफुल, मोस्ट केअरफुल. गुडचं मात्र बेटर, बेस्ट होतं. 'मोअर बेटर' म्हणजे 'पेक्षा' दोनदा!

सराव: इंग्रजीत सांगा.
1. ही साडी त्या साडीपेक्षा जड आहे.
2. हा डबा त्याच्यापेक्षा उपयोगी आहे.
3. हा माल सर्वांत चांगला आहे.

उत्तरं: हेविअर दॅन, मोअर युजफुल दॅन, द बेस्ट.