फुप्फुसातली दारे

मागच्या जूनमध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास मला लेहहून फोन आला. आमच्या गावातले एक किराणा दुकानदार, वय ४२, निर्व्यसनी, रोज पहाटे चार किलोमीटर चालणारे, मित्रांबरोबर विमानाने थेट लेहला गेले होते. दुसऱ्याच दिवशी ते टेकडीवरचा मठ चढून आले. तिसऱ्या रात्री कोरडा खोकला सुरू झाला आणि अंथरुणातून उठून न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागू लागली. "डॉक्टर, गारठा बाधला असेल. खोकल्याचं कुठलं औषध देऊ?" मित्र विचारत होता. मी म्हटले, "औषध राहू दे. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या आणि प्राणवायू लावायला सांगा."

असे का म्हटले, ते समजण्यासाठी फुप्फुसाची एक खोड माहीत हवी. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे जास्त रक्त जाते. फुप्फुसात नेमके उलटे घडते. ज्या वायुकोशात प्राणवायू कमी, तिथे रक्त नेणाऱ्या बारीक रोहिण्या काही मिनिटांतच आकसतात. त्यांच्या भिंतीतील स्नायूपेशींना ही कमतरता स्वतःच कळते. त्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले.

यात मोठा शहाणपणा आहे. शेतात दारे धरणारा गडी पीक नसलेल्या वाफ्यात पाणी सोडत नाही. खोऱ्याने माती ओढून ते दार बंद करतो आणि पाणी पिकाच्या वाफ्याकडे वळवतो. फुप्फुसही तेच करते. न्यूमोनियाने एक भाग भरला किंवा कफाच्या गोळ्याने एखादी श्वासनलिका बुजली, तर तिथले दार लहान होते आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. नाहीतर ते रक्त प्राणवायू न घेताच परत फिरले असते.

पण सगळ्याच वाफ्यांची दारे एकदम लागली तर? लेह सुमारे ३,५०० मीटर उंच आहे. तिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत दोन-तृतीयांशच असतो, आणि तो दोन्ही फुप्फुसांत सगळीकडेच कमी असतो. त्यामुळे रोहिण्या सर्वत्र आकसतात. रक्त वळवायला चांगली जागाच उरत नाही, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोराने रक्त ढकलावे लागते. फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब एरवी सरासरी १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तो वाढतो. काही माणसांत हे आकसणे फार जोराचे आणि असमान असते. मग जी थोडी दारे उघडी राहतात, त्यांतून सगळा लोंढा घुसतो, केशवाहिन्यांच्या नाजूक भिंती झिरपू लागतात आणि वायुकोशात पाणी साचते. १९६२ च्या युद्धकाळात मैदानातून घाईने उंचावर नेलेल्या आपल्या जवानांत हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला होता. धडधाकट तरुणही त्यातून सुटत नाहीत.

आमच्या दुकानदारांच्या रक्तातील प्राणवायूची पातळी इस्पितळात ६६ टक्के भरली. प्राणवायू लावताच ती ९० च्या वर गेली, कारण वायुकोशात प्राणवायू पोचला की दारे पुन्हा उघडतात. खोकल्याच्या औषधाने यातले काहीच झाले नसते. दोन दिवसांनी त्यांना विमानाने खाली आणले.

हेच आकसणे वर्षानुवर्षे चालू राहिले, तर वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. विडी ओढणारे किंवा चुलीच्या धुरात जन्म काढलेले वृद्ध दम्यासारखी धाप घेऊन येतात आणि त्यांच्या पायांवर सूज असते. त्यातल्या काहींच्या बाबतीत मूळ कारण हेच असते: उजवे हृदय थकलेले असते. रक्तातला प्राणवायू कायम फार कमी असलेल्या रुग्णांना दिवसातून किमान १५ तास प्राणवायू द्यावा लागतो. मात्र दारे उघडणारी गोळी सर्वांना चालत नाही. उंचीवरच्या आजारात निफेडिपिनचा उपयोग होतो, पण धुराने खराब झालेल्या फुप्फुसात तीच गोळी निकामी वाफ्यांतही रक्त सोडते आणि प्राणवायू आणखी घटू शकतो. म्हणून दुसऱ्याची गोळी घेऊ नये.

उंचावर जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा. बसल्या जागीही धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर सकाळची वाट पाहू नका. प्राणवायू लावा आणि खाली उतरा.