मेसेज दुसऱ्यांदा येणारच

घरपोच किराणा पुरवणाऱ्या एका कंपनीत काही ग्राहकांच्या कार्डातून एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जात होते, तेही नेमके संध्याकाळच्या गर्दीत. कारण शोधायला मला बोलावलं. ऑर्डर आली की तिचा मेसेज अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस क्यूमध्ये पडायचा आणि मागचा वर्कर तो उचलून पैसे कापणं, साठा वळता करणं ही कामं करायचा. कोडमध्ये एकच ऑर्डर दोनदा पाठवणारी ओळ कुठेही नव्हती.

एसक्यूएसमधून मेसेज वाचला म्हणून तो क्यूमधून जात नाही. तो ठरावीक वेळ इतरांपासून लपवला जातो. याला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात, आणि आपण काही सांगितलं नाही तर तो 30 सेकंदांचा असतो. काम झाल्यावर वर्करने मेसेज स्वतः डिलीट करायचा. तेवढ्या वेळात डिलीट झाला नाही, तर वर्कर मेला असावा असं धरून क्यू तोच मेसेज दुसऱ्याला देते. यात बिघाड काही नाही. वर्कर खरोखर कोसळला, तर ऑर्डर याचमुळे वाचते.

एका ऑर्डरला सरासरी 4 सेकंद लागत होते, त्यामुळे 30 सेकंद भरपूर आहेत असं सगळ्यांना वाटत होतं. पण वर्कर एका खेपेत 10 मेसेज उचलायचा आणि एकामागून एक हाताळायचा. घड्याळ मात्र दहाही मेसेजचं उचलल्या क्षणीच सुरू होतं. सातवी ऑर्डर 28व्या सेकंदाला संपायची. आठवी 32व्या सेकंदापर्यंत चालायची, म्हणजे ती अर्ध्यात असतानाच तिचा मेसेज दुसऱ्या वर्करच्या हाती लागायचा. नववी आणि दहावी तर सुरू होण्याआधीच सुटलेल्या असायच्या. दुपारी क्यूमध्ये आठ मेसेजही साचत नसत, म्हणून दुपारी सगळं सुरळीत.

हे ओळखायची सोपी खूण आहे. मेसेज वाचताना `ApproximateReceiveCount` मागून घ्या आणि लॉगमध्ये लिहा. तो आकडा 2 किंवा जास्त दिसू लागला की वेळेचं गणित चुकतंय किंवा वर्कर पडतोय.

टीमने आधीच एक उपाय केला होता: साधी क्यू काढून फिफो क्यू आणली होती. तिथे दुबार मेसेज येत नाहीत, असा समज. हा समज मला फार ठिकाणी भेटतो. फिफो दुबार मेसेज अडवते ते पाठवणाऱ्याच्या बाजूने: एकाच `MessageDeduplicationId`चा मेसेज 5 मिनिटांत पुन्हा पाठवला, तर दुसरा आत घेतला जात नाही. टाइमआउट संपल्यावर आधीचाच मेसेज पुन्हा हातात येणं त्याने थांबत नाही. उलट मुदत संपल्यावर पहिला वर्कर डिलीट करायला गेला, तर फिफोमध्ये ते डिलीट नाकारलं जातं.

शिवाय त्यांनी सगळ्या ऑर्डरना एकच `MessageGroupId` दिला होता. क्रम पाळला जातो तो ग्रुपच्या आत, आणि ग्रुपमधला एक मेसेज कुणाच्या हाती असेपर्यंत त्याच्या मागचे कुणालाच मिळत नाहीत. एका ऑर्डरचं पेमेंट अडकलं की सगळ्या गावाच्या ऑर्डरी खोळंबायच्या. ग्रुप म्हणून ऑर्डर क्रमांकच द्यावा. ‘पैसे घ्या’ आणि ‘रद्द करा’ यांचा क्रम एका ऑर्डरपुरताच महत्त्वाचा असतो.

टाइमआउट तासाभराचा करू, असंही सुचवलं गेलं. पण मग वर्कर खरोखर पडला तर ती ऑर्डर तासभर कुणालाच दिसणार नाही. त्यापेक्षा एका खेपेत कमी मेसेज उचला, आणि काम लांबतंय असं दिसलं तर `ChangeMessageVisibility` बोलावून मुदत वाढवत राहा. पहिल्यांदा उचलल्यापासून एकूण 12 तासांपर्यंत ती वाढवता येते.

एवढं करूनही मेसेज कधीतरी दुसऱ्यांदा येईलच. पैसे कापून झाले आणि डिलीट करण्याआधी नेटवर्क तुटलं, तर कोणतीही सेटिंग कामाची नाही. म्हणून काम असं लिहायला हवं की ते दोनदा चाललं तरी परिणाम एकदाच व्हावा. साठा वळता करण्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच आधी ही नोंद करा. पोस्टग्रेसमध्ये ती अशी:

```sql
INSERT INTO processed_events (order_id, event)
VALUES ('A-1047', 'RESERVE_STOCK')
ON CONFLICT DO NOTHING;
```

यासाठी दोन्ही रकान्यांवर मिळून युनिक की हवी. एकही ओळ घातली गेली नाही, तर हे काम आधीच झालंय: साठ्याला हात न लावता मेसेज डिलीट करा. पेमेंट मात्र आपल्या डेटाबेसबाहेर घडतं, तिथे हे ट्रान्झॅक्शन पोचत नाही. म्हणून गेटवेला प्रत्येक विनंतीसोबत ऑर्डर क्रमांकावरूनच बनवलेली आयडेम्पोटन्सी की पाठवा. प्रत्येक प्रयत्नाला नवी की बनवलीत, तर गेटवेला ती नवी खरेदीच वाटते.

हे सगळं जमलंय का, ते गर्दीची वाट न पाहता तपासता येतं. चाचणीच्या क्यूचा टाइमआउट 5 सेकंद ठेवा, मुदतवाढ बंद ठेवा, मेसेज पहिल्यांदाच उचलला असेल तर पैसे कापल्यानंतर वर्करला 10 सेकंद झोपवा, दोन वर्कर चालवा आणि साध्या क्यूवर एकच ऑर्डर टाका. लॉगमध्ये तीच ऑर्डर दोनदा उचललेली दिसली पाहिजे, आणि गेटवेच्या खात्यात व्यवहार एकच.