चंद्राचा पांढरा ठिपका

ज्या एका छायाचित्रावरून ही सर्व चौकशी सुरू झाली, ते कोजागरीच्या रात्री चंद्र बराच वर चढल्यावर सोलापुरातील आमच्या गच्चीवरून माझ्या भाच्याने घेतले होते. ज्या बिंबावरचे डाग डोळ्यांना स्पष्ट दिसत होते आणि ज्याच्या प्रकाशात पातेल्यातील दुधावरची साय ओळखू येत होती, त्याच्या जागी फोनच्या पडद्यावर मात्र एक निराकार पांढरा ठिपका आणि त्याभोवती धुकट वलय एवढेच उमटले. भाच्याने सारा दोष फोनला दिला आणि अधिक किमतीच्या फोनची गोष्ट काढली. ती खरेदी तहकूब ठेवायला सांगून मी त्या छायाचित्राबरोबर फोनने आपोआप जतन केलेला तपशील उघडला. शटर १/१० सेकंद, आयएसओ ८००, छिद्र एफ १.८ अशी नोंद तेथे होती, आणि सर्व खुलासा त्या तीन आकड्यांतच होता.

आपल्याकडे रात्र असली तरी आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या भूमीवर त्या वेळी लख्ख ऊन पडलेले असते, ही गोष्ट या प्रकरणाचे मूळ आहे. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला करड्या खडकांचा प्रदेश. त्याचे चित्र दिवसाउजेडीच्या हिशेबाने घ्यावे लागते. जुन्या छायाचित्रकारांचा दंडक असा की, आयएसओ १०० असताना छिद्र एफ ११ आणि शटर १/१०० सेकंद ठेवावे. फोनचे छिद्र एफ ११ पेक्षा पुष्कळ मोठे असते आणि बहुधा ते लहान करण्याची सोयही नसते; एफ १.८ मधून सुमारे ३७ पट अधिक प्रकाश आत येतो, म्हणून तोच दंडक फोनला लावला तर शटर सुमारे १/३७०० सेकंद इतके अल्पकाळ उघडावे लागते. भाच्याच्या फोनने ते १/१० सेकंद उघडे ठेवले होते आणि आयएसओही आठपट वाढवला होता. म्हणजे चंद्राला जेवढा प्रकाश द्यायचा, त्याच्या जवळजवळ तीन हजार पट त्याला मिळाला, आणि इतक्या प्रकाशात डाग, विवरे, कडा यांपैकी काहीही शिल्लक राहणे शक्य नव्हते.

फोनने असे का करावे, याचे कारण चंद्राच्या आकारात आहे. आकाशात त्याचा व्यास अवघा अर्धा अंश भरतो, तर फोनचे मुख्य भिंग सुमारे ७० अंशांचा विस्तार एका चित्रात सामावून घेते. चार हजार बिंदू रुंदीच्या चित्रात चंद्राच्या वाट्याला सुमारे २६ बिंदू येतात, आणि क्षेत्रफळाने पाहिले तर तो साऱ्या चित्राचा वीस हजारावा हिस्सादेखील होत नाही. फोन प्रकाशाचे अनुमान बव्हंशी साऱ्या चौकटीवरून बांधतो. चौकट जवळजवळ संपूर्ण काळी, सबब तो अंधार उजळण्याची तजवीज करतो, आणि त्या बहुसंख्य काळोखाच्या हितासाठी चंद्राचा बळी जातो. 'नाईट मोड' तर अनेक चित्रे एकत्र करून हेच काम अधिक नेटाने करतो. म्हणून चंद्रासाठी तो प्रथम बंद करावा.

नंतर भिंगावरची काच स्वच्छ, मऊ कापडाने पुसावी, कारण बोटांच्या तेलकट ठशामुळेही वलय वाढते. पडद्यावरील चंद्रावर बोट क्षणभर दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनांत फोकस आणि प्रकाश तेथेच स्थिर होतात; मग शेजारी दिसणारी सूर्याची खूण, चंद्रावरचे काळे डाग दिसू लागेपर्यंत, बोटाने खाली ओढावी. 'प्रो' मोड असेल तर आयएसओ १००, शटर १/१०००, फोकस अनंतावर, अशी सुरुवात करावी आणि बिंब पांढरेच राहिल्यास शटर आणखी जलद करावे. क्षितिजालगतचा चंद्र धुळीमुळे मंद असतो, त्याला अधिक वेळ लागतो. प्रकाशाचे प्रमाण बरोबर जमले की भोवतीचे आकाश पूर्ण काळे होते आणि एकही तारा दिसत नाही. ही उणीव समजू नये. एकाच चित्रात चंद्राचे डाग आणि तारे दोन्ही मागणे हे साधनाच्या शक्तीबाहेरचे आहे.

एवढे केल्यावर ठिपका पांढऱ्याचा करडा होतो, परंतु राहतो लहानच. बोटांनी चित्र ताणून जो झूम मिळतो, तो तेच २६ बिंदू मोठे करून दाखवतो. नवा तपशील कोठून येणार? पाचपट खरे भिंग असलेल्या फोनमध्ये बिंब सुमारे १३० बिंदूंचे होते. मला विशेष समाधान दिले ते मात्र घरातल्या जुन्या, दहापट शक्तीच्या दुर्बिणीने. ती गच्चीच्या कठड्यावर घडी घातलेल्या चादरीवर भक्कम टेकवावी, चंद्र तिच्यातून डोळ्यांनी स्पष्ट करून घ्यावा, आणि मग फोनचे मुख्य भिंग तिच्या नेत्रकाचेच्या अगदी मध्यावर, किंचित अंतर राखून धरावे. बिंब सुमारे २६० बिंदूंचे होते आणि मोठी विवरे ओळखता येतात. हात जरासा सरकला की चित्र अर्धचंद्राकृती काळ्या सावलीने झाकले जाते. तशी सावली दिसली तर फोन मध्यावरून ढळला आहे असे समजावे. बटण हाताने न दाबता तीन सेकंदांचा टायमर लावावा.

तिथीचे तारतम्यही ठेवले पाहिजे. पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून सरळ चंद्रावर पडतो, त्यामुळे तेथील डोंगरांना सावल्याच राहत नाहीत आणि बिंब सपाट दिसते. शुक्ल अष्टमीला प्रकाश तिरका येतो, आणि उजेड व अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. त्या दिवशी पौर्णिमेच्या चौपट वेळ शटर उघडे ठेवावे.

सिद्धेश्वर मंदिरासह चंद्र हवा असेल, तर पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी श्रेयस्कर होय. आदल्या दिवशी चंद्र सुमारे पाऊण तास आधी उगवतो, आणि सूर्यास्तानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आकाशातला उरलेला उजेड, मंदिराचे दिवे आणि क्षितिजालगतचा चंद्र यांच्या तेजात फारसे अंतर नसते, म्हणून एकाच चित्रात तिघांचाही मान राहतो. मंदिराभोवतीचा तलाव भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेस असल्यामुळे किल्ल्याच्या बाजूने पाहता चंद्रोदय पाण्यापलीकडे होतो. मात्र उन्हाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र पूर्वेच्या दक्षिणेकडे आणि थंडीतील उत्तरेकडे सरकून उगवतो, एवढे ध्यानात ठेवून जागा आधी दिवसा हेरून ठेवावी.

ताऱ्यांसाठी यातील जवळजवळ प्रत्येक नियम उलटा करावा लागतो. चंद्र नसलेली, अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी आणि शहराच्या दिव्यांपासून दूर, बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला जावे. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र रात्री शिरू नये. फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवून आयएसओ १६०० आणि शटर १० सेकंद ठेवावे, किंवा ज्या 'नाईट मोड'ला आपण मघाशी रजा दिली त्यालाच आता पूर्ण मुभा द्यावी. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्तानजीकचा तारा मुख्य भिंगाच्या चित्रात सुमारे पाच सेकंदांत एक बिंदू सरकतो. १० सेकंदांत ही सरक डोळ्यांत भरत नाही, पण ३० सेकंद ठेवल्यास ताऱ्यांच्या रेघा होऊ लागतात. सर्वच तारे एकाच दिशेने लांबट आले तर वेळ कमी करावा, आणि ते फुगीर, मऊ गोळ्यांसारखे आले तर फोकस अनंतावरून ढळला आहे, तो पुन्हा लावावा.