तालुक्याहून गावात सामान पोचवायचं: एका फेरीचा पूर्ण हिशोब

या व्हिडिओत फळ्यावर आकडे घाईत मांडले गेले, आणि बऱ्याच जणांनी "सर, तो हिशोब लिहून द्या" म्हणून सांगितलं. म्हणून आज फक्त तेवढंच. ज्या तालुक्यात एसटी गावात सकाळी एकदा आणि मुक्कामाला एकदा येते, मधल्या वेळात वडाप भरेल तेव्हाच निघतं, अशा ठिकाणी बाजारपेठेतलं सामान गावात पोचवण्याचा धंदा कसा बसतो आणि कुठे फसतो ते बघू.

उदाहरण आपल्याच बॅचमधल्या एका मुलाचं आहे. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. नाव देत नाही, त्यालाही ते नकोय. त्याच्याकडे एक मोटारसायकल होती आणि बाजारपेठेत ओळखी होत्या. सुरुवात त्याने सगळे करतात तशीच केली. फोन आला की निघायचं. हार्डवेअरवाल्याने सांगितलं, बारा किलोमीटरवरच्या गावात मोटारीचा कपॅसिटर पोचव. याने ऐंशी रुपये सांगितले, पेट्रोल गेलं साठ रुपयांचं, वीस सुटले. दिवसात अशा चार फेऱ्या केल्या की ऐंशी रुपये. महिना झाल्यावर मला म्हणाला, "सर, काम दिवसभर आहे, पण खिशात काहीच राहत नाही."

राहणार नाहीच. आपण फक्त पेट्रोल मोजतो. किलोमीटरला पेट्रोल अडीच रुपये धरा. टायर, ऑइल, चेन, ब्रेक आणि गाडीची झीज मिळून आणखी दीड रुपया धरा. म्हणजे किलोमीटरला चार रुपये. जाऊन येऊन चोवीस किलोमीटरचे झाले 96 रुपये. वर त्याचा सव्वा तासाच्या आसपास वेळ. तासाला साठ रुपये ही काही फार मोठी मजुरी नाही, पण तेवढी धरली तरी सत्तरेक रुपये. एका पार्सलला खरा खर्च 166 रुपये आणि घेतले 80. प्रत्येक फेरीत तो स्वतःच्या खिशातून ग्राहकाला शहाऐंशी रुपये देत होता. गाडी एक दिवस गॅरेजला गेली तेव्हाच ते कळलं असतं.

मग भाडं 170 करायचं का? इथे थोडं थांबा, कारण लहान गावातल्या डिलिव्हरीची सगळी गोम इथेच आहे. गावातल्या माणसाला वडापने तालुक्याला जाऊन यायला साधारण साठ रुपये लागतात आणि अर्धा दिवस जातो. त्याच्यापेक्षा जास्त भाडं तो देणार नाही, तो म्हणेल मीच जाऊन आणतो. म्हणजे तुमच्या दराला वरची मर्यादा वडापचं भाडं घालतं. शहरातल्या ॲपचा दर इथे उपयोगाचा नाही. त्या मर्यादेच्या बरंच खाली, तीसच्या आसपास राहता आलं तर लोक विचार न करता हो म्हणतात. आणि तीस रुपयांत एक पार्सल घेऊन बारा किलोमीटर जाणं कधीच परवडणार नाही. एकाच रस्त्यावर अनेक पार्सलं, हाच एक मार्ग.

म्हणून आम्ही फेरी ठरवली. तालुक्यातून निघायचं, नऊ गावं घ्यायची, दुसऱ्या रस्त्याने परत यायचं. एकूण 46 किलोमीटर. गेलेल्या रस्त्यानेच परत आलो तर तेच अंतर दोनदा मोजावं लागतं आणि गावं निम्मीच होतात, म्हणून गोल रस्ता शोधण्यात आम्ही दोन दिवस घालवले. नकाशापेक्षा दुधाच्या टेम्पोवाल्याला विचारा. कुठला रस्ता पावसात बंद होतो, कुठल्या ओढ्यावर पाणी येतं हे त्याला पाठ असतं.

आता हिशोब. 46 किलोमीटर गुणिले चार, 184 रुपये. गाडी चालवायला दोन तास, नऊ ठिकाणी पाच-पाच मिनिटं म्हणजे पाऊण तास, निघण्याआधी दुकानांतून माल गोळा करून गावानुसार लावायला पाऊण तास. साडेतीन तास गुणिले साठ, 210. दोन्ही मिळून 394, आपण 400 धरू. हा खर्च आठ पार्सलं नेली तरी तेवढाच आणि चोवीस नेली तरी जवळपास तेवढाच. आठ असतील तर एकाला पन्नास रुपये पडतात, सोळा असतील तर पंचवीस, चोवीस असतील तर सतराच्या आत.

दर ठेवला तीस रुपये. त्यातले पाच रुपये गावातल्या किराणा दुकानदाराला, कारण पार्सल त्याच्याकडे ठेवायचं. हाती राहिले पंचवीस. म्हणजे सोळा पार्सलांना खर्च निघतो, आणि लक्षात घ्या, त्या खर्चात तुमची मजुरी धरलेली आहे. चोवीस पार्सलांना 600 येतात, 400 वजा जाता 200 उरतात. मजुरी धरून साडेतीन तासांचे 410 रुपये. महिन्याला सव्वीस फेऱ्या धरल्या तर साडेदहा हजारांच्या पुढे. यावर घर चालेल असं मी म्हणत नाही. पण अर्धा दिवस मोकळा राहतो, आणि हा मुलगा सकाळी दुसरं काम करतो.

"घरपोच का नाही?" हा प्रश्न सगळ्यांचा. गावात घर शोधायला, मळ्यात जायला, हाक मारायला, सुट्टे पैसे यायला एका घरी दहा मिनिटं जातात. सोळा घरांचे 160 मिनिटं, दुकानात ठेवलं तर 45. जवळजवळ दोन तासांचा फरक, म्हणजे पार्सलमागे सात रुपये, आणि वस्तीवर जायचे किलोमीटर वेगळे. शिवाय घरचे शेतात असतात, मग दुसऱ्या दिवशी परत तीच चक्कर. किराणा दुकान मात्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि पार्सल न्यायला आलेला माणूस जाताना साखर, चहापत्ती घेतोच. त्यामुळे दुकानदारही पाच रुपयांत खूश. आजारी माणसाचं औषध असेल तर घरी द्या, तेवढा अपवाद ठेवा.

तीस रुपये देतो कोण? आम्ही ते दुकानदाराकडून घेतले. हार्डवेअर, ठिबकचे जोड, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, मेडिकल, शिलाईचं साहित्य. यांचा माणूस गावात बसून फोनवर ऑर्डर देतो आणि दुकानदाराची विक्री होते. तो बिलात भाडं लावेल किंवा सोसेल, त्याचं तो बघेल. तुम्हाला वीस गावकऱ्यांकडे तीस-तीस रुपये मागत फिरावं लागत नाही, आठवड्याला सहा दुकानांशी हिशोब होतो.

परतीचा माल विसरू नका. गाडी तशीही परत येणार आहे. बिघडलेला मिक्सर, जळालेली मोटार, मोबाइल, शिवायला द्यायचं कापड, हे सगळं त्याच किराणा दुकानात गोळा होतं. रोज सहा नग मिळाले तरी दीडशे रुपये, किलोमीटर एकही वाढत नाही. आणि दुरुस्त झालेली वस्तू परत पोचवायचं पार्सल आपोआप तुमचंच. (मोटार मोठी असेल तर मोटारसायकलवर नेऊ नका. वजन मागच्या चाकावर येतं आणि खडीवर गाडी घसरते. हे त्याने करून पाहिलेलं आहे.)

आता बिघडतं कुठे.

पहिली गोष्ट वेळ. ऑर्डर बारापर्यंत, माल गोळा एकपर्यंत, गाडी दोनला सुटणार. एखादा दुकानदार म्हणेल, "दहा मिनिटं थांब रे, एक पार्सल येतंय." थांबलात की शेवटच्या गावात अंधार पडतो, तिथला माणूस वाट बघून घरी जातो आणि दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर देत नाही. एसटी लोकांना का आवडते? उशीर होतो, पण फाट्यावर कधी उभं राहायचं हे सगळ्यांना माहीत असतं. तुमचंही तसंच व्हायला हवं. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी फेरी बंद ठेवा. त्या दिवशी निम्मा तालुका स्वतःच गावात येतो, पार्सलं पाच-सहावर येतात.

दुसरी गोष्ट पैसे, आणि यात बहुतेक मुलं बुडतात. वीस पार्सलं, प्रत्येकी चारशे रुपये वसुली, म्हणजे संध्याकाळी खिशात दुसऱ्यांचे आठ हजार. याने त्याच पाकिटातून पेट्रोल भरलं, चहा प्यायला, "रात्री टाकतो" म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात 2,300 रुपये कमी निघाले आणि कुणाचे कमी आहेत हेच सांगता येईना. एका दुकानदाराने त्याला माल देणं बंद केलं. तेव्हापासून पार्सलवरच दुकानदाराचा क्यूआर चिकटवतो, पैसे थेट त्यांच्या खात्यात. रेंज नसलेल्या दोन गावांत रोख येते, ती वेगळ्या पिशवीत. कार्बनची वही: नंबर, गाव, दुकान, रक्कम, घेणाऱ्याची सही. त्याच संध्याकाळी हिशोब मिटवल्याशिवाय घरी जायचं नाही.

मालात एक नियम कडक ठेवा. कीटकनाशक आणि खाण्याचा माल एका पिशवीत कधीच नाही. इन्सुलिन नेत असाल तर थंड पेटीत, पण बर्फाला चिकटवून नको, गोठलेलं इन्सुलिन खराब होतं. ते कसं बांधायचं हे मेडिकलवाल्याकडूनच करून घ्या.

तीन महिन्यांनी त्याने विचारलं, मालवाहू तीनचाकी घेऊ का? मी म्हटलं, आधी एक वही कर आणि वजनामुळे नाकारलेला प्रत्येक माल त्यात लिही. हप्ता नऊ हजार असेल तर दिवसाला साडेतीनशे रुपये, म्हणजे पंचवीसच्या हिशोबाने रोज चौदा जास्तीची पार्सलं, आणि तीनचाकीचा किलोमीटरचा खर्च वेगळा वाढतो. वहीत रोज तेवढं नाकारलेलं दिसलं तर गाडी घे. महिन्याभरात सरासरी चार निघाली. गाडी थांबली. जड मालासाठी दुधाच्या टेम्पोशी बोलणं केलं. सकाळी तो रिकामे कॅन घेऊन गावाकडे जातो, तेव्हा त्याच्यात जागा असते. खत आणि औषधं त्यात चालणार नाहीत हे डेअरीने आधीच सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.

आणि ज्यांच्याकडे छोटा टेम्पो आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. परतताना फाट्यावर म्हातारी उभी असते, "सोड की रं बाबा तालुक्याला." एसटी नाही, वडाप नाही, मन मोठं होतं. पण मालवाहू गाडीत माल आणि मालाचा मालक किंवा त्याचा माणूस एवढ्यांनाच विम्याचं संरक्षण असतं. फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलंय. अपघात झाला तर लाखांची भरपाई गाडीमालकाच्या डोक्यावर. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याचा माल नेला तरी विमा नाकारला जाऊ शकतो, तेव्हा पॉलिसीवर गाडीचा वापर काय लिहिलाय ते एजंटकडून वाचून घ्या. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, पण मालवाहू म्हणून नोंदणी, पिवळी पाटी, फिटनेस आणि विमा लागतोच.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी या आठवड्यात एकच काम करा. दुपारी वडापच्या थांब्यावर दोन तास बसा आणि तालुक्यातून परतणाऱ्या लोकांच्या पिशव्यांत काय आहे ते लिहा: वस्तू, दुकान, गाव. पंधरा किलोपेक्षा हलकी आणि एकाच रस्त्यावरच्या गावांना जाणारी किती निघाली, तो आकडा मला कळवा. सोळाच्या खाली असेल तर त्या रस्त्यावर फेरी सुरू करू नका, दुसरा रस्ता मोजा.