महिन्याला 21 चा आकडा आणि प्रोस्टेट

प्रश्न : मी रेल्वेत नोकरीला आहे, वय 52. वडिलांना 68 व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. मोबाइलवर एक संदेश फिरतोय : महिन्यातून 21 वेळा वीर्यस्खलन झालं की हा कॅन्सर होत नाही. उलट आमच्याकडची मोठी माणसं सांगतात की वीर्य गेलं की ताकद जाते. खरं काय धरायचं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : हा 21 चा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी 1992 साली दंतवैद्य, औषधनिर्माते, पशुवैद्य अशा आरोग्यक्षेत्रातल्या पुरुषांना प्रश्नावली पाठवली. विशीत, चाळिशीत आणि गेल्या वर्षात महिन्याला साधारण किती वेळा स्खलन होत होतं, असं त्यात विचारलं होतं. संभोग, हस्तमैथुन, स्वप्नदोष सगळं एकत्र धरून. पुढे 2010 पर्यंत सुमारे 32 हजार जणांवर लक्ष ठेवलं गेलं आणि त्यांपैकी 3839 जणांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. महिन्याला 4 ते 7 वेळा सांगणाऱ्यांच्या तुलनेत 21 किंवा जास्त सांगणाऱ्यांमध्ये हे प्रमाण साधारण 20 टक्क्यांनी कमी निघालं. हा अहवाल 2016 चा.

हे 20 टक्के नीट समजून घ्या. समजा, पहिल्या गटातल्या हजारांपैकी 100 जणांना कॅन्सर झाला, तर दुसऱ्या गटातल्या हजारांपैकी सुमारे 80 जणांना झाला. म्हणजे दुसऱ्या गटातही तो झालाच. ‘होत नाही’ हे विधान इथेच पडतं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढेच : हा फरक मुख्यतः कमी धोक्याच्या, संथ वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये दिसला. ज्याने माणूस दगावतो त्या प्रकारात फरक सिद्ध झाला नाही. संथ कॅन्सर बहुतेकदा पीएसए या रक्ततपासणीत सापडतो. तपासणी कोण करून घेतो आणि कोण टाळतो यावरही असा आकडा हलू शकतो.

शिवाय हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. जास्त वेळा सांगणारे पुरुष इतर सवयींतही वेगळे होते. संशोधकांनी तो फरक हिशोबात धरला, पण पूर्ण पुसता येत नाही. साठीतल्या माणसाला विशीतला महिना कितपत आठवणार, हाही प्रश्नच. ऑस्ट्रेलियातल्या 2003 च्या अभ्यासातही विशीतल्या जास्त स्खलनाशी कमी धोका जोडलेला दिसला, पण 2009 च्या ब्रिटिश अभ्यासात, तुलनेने तरुणपणी कॅन्सर झालेल्यांमध्ये, विशी-तिशीतल्या जास्त हस्तमैथुनाचा संबंध वाढीव धोक्याशी दिसला. ग्रंथीत द्रव साचून राहत नाही म्हणून फायदा होत असावा, हा एक अंदाज आहे. तो सिद्ध झालेला नाही. हे अभ्यास मुख्यतः गोऱ्या पुरुषांचे आहेत, आणि आपल्याकडे या कॅन्सरचं नोंदलं जाणारं प्रमाण त्यांच्यापेक्षा बरंच कमी आहे. म्हणून कुणी 21 चं लक्ष्य ठेवून मन:स्ताप करून घेऊ नये.

आता ताकदीची गोष्ट. वीर्य हा रक्ताचा अर्क नाही. त्यातला बराचसा भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, आणि हे सगळं शरीर सतत तयार करत राहतं. त्याच्या जाण्याने अशक्तपणा येत नाही. ही भीती घालवण्यासाठी र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली. 1934 मध्ये त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड भरावा लागला. एवढं होऊनही ही भीती टिकून आहे आणि रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती तिच्यावर पैसा कमावतात, याचा मला संताप येतो.

तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ वडिलांबद्दलची आहे. वडील किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. महिन्याचा कोणताही आकडा याची भरपाई करणार नाही. सुरुवातीला या आजाराची लक्षणं सहसा नसतात. लघवीची धार मंदावणं, रात्री वारंवार उठावं लागणं हे बहुतेक वेळा वयानुसार ग्रंथी वाढल्यामुळे होतं, पण लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसलं, कंबर किंवा हाडं सतत दुखू लागली तर थांबू नका. लक्षणं नसली तरी पीएसए करायची का, याबद्दल युरॉलॉजिस्टशी बोला. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नसतं, आणि आकडा बरा असला तरी कॅन्सर नाहीच अशी खात्री मिळत नाही. म्हणून आधी बोलणं.

तपासणी ठरली तर रक्त देण्याआधी दोन दिवस स्खलन आणि जोराची सायकल टाळा, दोन्हींनी आकडा तात्पुरता चढू शकतो. नुकताच लघवीचा संसर्ग झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते तपासणी सहा आठवडे पुढे ढकलतील.