मोहरीच्या तेलावरची ‘केवळ बाह्य वापरासाठी’ ही ओळ

नांदगाव पेठेत एमआयडीसी आली, तसे उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगारही आले. त्यांच्या भाजीला सरसोचंच तेल लागतं, म्हणून किराणा दुकानात मोहरीच्या तेलाला मानाची जागा मिळाली. आपल्या वऱ्हाडी घरात फोडणी सोयाबीनची नाहीतर शेंगदाण्याची. मोहरीचं तेल यायचं ते बाळाच्या मालिशीला, गुडघ्याला, शनिवारच्या दिव्याला, फार तर लोणच्याला. आता एकाच फळीवर दोन्ही गिऱ्हाइकांच्या बाटल्या उभ्या असतात, रंगही सारखाच पिवळाधमक. म्हणून दुकानात हमखास ऐकू येतं, “भाऊ, हे खायाचं हाय का आंगाले लावाचं?”

उत्तर बाटलीवरच असतं, पण एका ओळीत नसतं. ‘केवळ बाह्य वापरासाठी’ हे शब्द तीन वेगळ्या कारणांनी छापले जातात. त्या ओळीच्या आजूबाजूला काय आहे, ते पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

पहिली बाटली मालिशीच्या तेलाची. हिच्यावर अन्नाचा परवाना नसतो. सौंदर्यप्रसाधनाचा किंवा आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना असतो. घटकांची यादी वाचा. ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ हे शब्द दिसले, तर ते खनिज तेलापासून काढलेलं, वास नसलेलं स्वस्त तेल आहे आणि मोहरी त्यात नावापुरती असू शकते. इथे इशारा शब्दशः खरा आहे. हे तेल कढईत जाता कामा नये.

दुसरी बाटली दिव्याची, पूजेची. तिच्यावर काळ्या चौकटीत काळी फुली शोधा. खाद्यपदार्थासारखी दिसणारी, पण खाण्यासाठी नसलेली वस्तू किरकोळीत विकायची असेल, तर ही फुली छापावी लागते, असा एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबल नियमांचा दंडक आहे. पूजेच्या तुपावरही ती असते. हे तेल कुठून आलं, त्यात काय मिसळलं, याची खाण्याच्या दृष्टीने कुणी हमी घेतलेली नसते.

खाण्याच्या तेलावर मात्र एफएसएसएआयचं चिन्ह आणि 14 अंकी परवाना क्रमांक असतो, शिवाय पोषणमूल्यांचा तक्ता. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो साबण-शाम्पूवरही असतो. वस्तू शाकाहारी आहे एवढंच तो सांगतो, खाण्याजोगी आहे असं नाही.

आता पैशांचं. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून पुढचे आकडे निव्वळ हिशेबापुरते धरा. समजा, खाण्याचं मोहरी तेल लिटरला 180 रुपये, दिव्याचं 130 आणि मालिशीची 200 मिलीची बाटली 110 रुपयांना आहे. ती छोटी बाटली लिटरमागे 550 रुपयांना पडली. तेवढंच 200 मिली खाण्याच्या बाटलीतून काढलं, तर 36 रुपयांत भागतं. अंगाला नुसतं मोहरीचंच तेल लावायचं असेल, तर खाण्याचं तेल लावायला कुणाची हरकत नाही. उलट त्यात काय आहे ते तरी ठाऊक असतं. 74 रुपये जास्त जातात ते बाटली, सुगंध आणि जाहिरातीपायी. केसांचं तेल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीला तर कराचं कारणही आता सांगता येत नाही. केसांच्या तेलावर 18 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून खाद्यतेलाइतकाच, 5 टक्के झाला.

खरी जोखीम त्या 130 रुपयांच्या बाटलीत आहे. लिटरमागे 50 रुपये वाचतात म्हणून एखादा गाडीवाला तिच्यातच भजी तळू शकतो. रिकामी बाटली कोपऱ्यात पडलेली असेल, तर फुली आहे का ते बघायला काही लागत नाही.

आणखी एक गंमत वजनाची. मोहरीचं एक लिटर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम. 165 रुपयांची बाटली 180 च्या शेजारी स्वस्त दिसते, पण तिच्यात 800 ग्रॅमच असेल, तर लिटरचा भाव 188 च्या आसपास गेला. पंधरा रुपये वाचले असं वाटतं आणि प्रत्यक्षात लिटरमागे आठ जास्त जातात. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर मिलीची किंमत छापलेली असते, बारीक अक्षरात का होईना. तीच ताडून बघा, पण ग्रॅमची ग्रॅमशी आणि मिलीची मिलीशी.

तिसरी बाटली आपल्या फळीवर सहसा नसते, ती फोटोतून येते. न्यू जर्सीत गेलेली लेक लोणच्यासाठी भारतीय दुकानातून तेल आणते, त्यावर ‘बाह्य वापरासाठी’ बघून घाबरते आणि आईला फोटो पाठवते. कंपनी ओळखीचीच असते. मग आईलाही वाटतं, आपण इतकी वर्षं काय खाल्लं?

भानगड इरुसिक आम्लाची आहे. मोहरीच्या तेलात हे स्निग्धाम्ल भरपूर, भारतीय वाणांत बरेचदा चाळीस टक्क्यांच्या वर. उंदरांना ते खूप खाऊ घातल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबी साचलेली दिसली. उंदराचं शरीर हे आम्ल नीट पचवू शकत नाही आणि माणसाच्या हृदयाला तसाच अपाय होतो हे सिद्ध झालेलं नाही. तरी पाश्चात्त्य देशांनी सावधगिरीचा मार्ग धरला. अमेरिकेत घाण्याचं मोहरी तेल खाद्यतेल म्हणून विकायला मुभाच नाही, म्हणून तिथे ते बाह्य वापराचं लेबल लावून जातं. युरोपीय संघात मोहरीच्या खाद्यतेलाला किलोमागे 50 ग्रॅम, म्हणजे 5 टक्के इरुसिक आम्लाची मर्यादा आहे. आपलं नेहमीचं तेल तिच्यात बसत नाही. भारतात नेहमीच्या मोहरी तेलाला अशी मर्यादा नाही.

युरोपची सावधगिरी किती कडक आहे, याचा अंदाज एका चमच्यावरून येतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये रोजचं सुरक्षित प्रमाण वजनाच्या दर किलोला 7 मिलिग्रॅम ठरवलं. साठ किलोच्या माणसाला ते 420 मिलिग्रॅम झालं. पाच मिलीच्या एका चमच्यात सुमारे साडेचार ग्रॅम तेल, त्यात चाळीस टक्के धरलं तर 1,800 मिलिग्रॅम इरुसिक आम्ल. म्हणजे एका चमच्यातच चौपट. पण ही मर्यादा मुद्दाम बरंच अंतर राखून ठेवलेली आहे. ती ओलांडली की माणूस आजारी पडतो, असा तिचा अर्थ नाही. त्या संस्थेची काळजीही मुख्यतः भरपूर तेल पोटात जाणाऱ्या लहान मुलांपुरती होती. इथे वर्षातून एकदा मोहरी तेलाचं लोणचं घालणाऱ्याने त्यापायी झोप उडवू नये. रोज तिन्हीत्रिकाळ तेच वापरत असाल, तर सोयाबीन-शेंगदाण्याशी आलटून पालटून वापरणं शहाणपणाचं.

मग परदेशातल्या त्या बाटलीतलं तेल खावं का? बहुधा ते आपल्यासारखंच असतं. पण अन्न म्हणून ते त्या देशात तपासलं गेलेलं नाही आणि काही बिनसलं तर कंपनी लेबलाकडे बोट दाखवून मोकळी होते. लोणच्याला तीळतेल चालतं.

‘बाह्य वापर’ लिहिलंय म्हणजे बाळाला निर्धास्त चोळा, असंही नाही. मोहरीच्या तेलाने त्वचेचा संरक्षक थर भरून यायला उशीर होतो, असं उंदरांवरच्या 2002 च्या अभ्यासात दिसलं होतं. तान्ह्याला लाली आली, पुरळ उठलं तर तेल बंद करा आणि पुढचं डॉक्टरांना विचारूनच लावा.

फुलीची बाटली खाण्याचं तेल म्हणून गळ्यात मारली असेल, तर बिल आणि लेबलाचा फोटो सांभाळून ठेवा. अमरावतीत अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, तिथे लेखी द्या. पैसे परत हवे असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवा. बिल नसेल तर दुकानदार सरळ म्हणतो, बाटली माझी नाहीच.