शिकवणी वर्गाचे वार्षिक अंदाजपत्रक

शिकवणी वर्गाची फी 10 महिने जमा होते. जागेचे भाडे मात्र 12 महिने द्यावे लागते. म्हणून अंदाजपत्रक वर्षाचे करावे.

समजा, तालुक्याच्या गावी प्रत्येकी 20 विद्यार्थ्यांच्या 3 तुकड्या असून मासिक फी 600 रुपये आहे. वार्षिक जमा 3,60,000 रुपये होईल. विजेसह भाडे दरमहा 9,000 प्रमाणे 1,08,000 आणि शिक्षकांचे मानधन दर तुकडीस दरमहा 8,000 प्रमाणे 10 महिन्यांचे 2,40,000 रुपये होते. शिल्लक केवळ 12,000 रुपये उरते.

दिवाळीनंतर 5 विद्यार्थी गळाल्यास पाच महिन्यांची 15,000 रुपये फी बुडते आणि 3,000 रुपये तूट येते. कारण विद्यार्थी घटले तरी भाडे व मानधन घटत नाही. यास्तव नवी तुकडी किमान 14 विद्यार्थी नोंदविल्यावरच काढावी. त्याहून कमी संख्येत तिचे 80,000 रुपये मानधनही भागत नाही.